चौसष्ट मोबाइल आणि एक आरती

मुलुंडला, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, वायफाय राउटर ऑनलाइन विकणारं नंदकिशोर सरमळकरांचं छोटं ऑफिस आहे. विक्रीच्या पानावरचा मजकूर उत्तरा लिहिते. मूळची वेंगुर्ल्याची, पंचेचाळिशीची. कुणी आकडा सांगितला की "कसला?" असं विचारल्यावाचून तिला राहवत नाही.

श्रावणात राउटर परत यायला लागले. पानावर वेग बाराशे एमबीपीएस, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर नव्वद. उत्तराने एकेकाला फोन केला. राउटर सगळे ठणठणीत होते. बाराशे ही राउटरच्या दोन बँडच्या, म्हणजे दोन वेगळ्या लहरींच्या, वेगांची बेरीज. साधा मोबाइल एका वेळी एकाच बँडवर चालतो, आणि घरात येणारं कनेक्शनच मुळी शंभरचं. पानावरचा साठ मीटरचा पल्लाही मोकळ्या मैदानातला. घरात मधे दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट.

तिने हे सगळं पानावर सरळ लिहून टाकलं. सरमळकरांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"हे वाचून घेणार कोण, ताई? आपणच आपली वाट लावायची?"

शेवटी ठरलं, दिवाळीपर्यंत हा मजकूर राहील. परत येणारे राउटर कमी झाले नाहीत, तर पुन्हा जुना.

जुन्या पानावरचा 'चौसष्ट उपकरणं जोडा' हा दावा तेवढा उलगडून लिहायचा राहिला होता. त्याला शब्द सापडेनात.

ते गणपतीत सापडले. भांडुप-कांजूरमार्गचे सगळे नातेवाईक तिच्या घरी जमले आणि मोदकाआधी वायफायचा पासवर्ड मागू लागले; राउटर ऑफिसातलाच होता. उत्तराने मोजले, तेवीस मोबाइल. सगळे जोडले गेले, मेसेजही जात होते. पण आरतीला वेंगुर्ल्याच्या रुक्मिणीकाकूंना व्हिडिओ कॉल लावला, आणि चित्र थिजलं.

"गो उत्तरा, तुमी सगळे पुतळे झालात काय?"

उत्तरा आतल्या खोलीत गेली. तिथे नऊ भाचरं नऊ व्हिडिओ बघत बसली होती. तिने त्यांना हाताला धरून आरतीला आणलं. बाहेर चित्र हललं, काकूंनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि उत्तराला ओवाळताना हसू आवरेना.

रात्रीची भांडी तशीच ठेवून तिने लिहिलं: 'चौसष्ट उपकरणं जोडता येतात. पण येणारा वेग एकच, तो सगळ्यांत वाटला जातो. पाहुणे आले तर वीस-पंचवीस जणांचे मेसेज आरामात जातील. मात्र बरेच जण एकदम व्हिडिओ बघू लागले, तर काकूंचा कॉल अडकेल.'

दिवाळीच्या आठवड्यात सरमळकरांनी वही काढली. श्रावणात आठवड्याला अकरा राउटर परत यायचे. आता एक आला होता, तोही पत्ता चुकल्यामुळे. बोरिवलीच्या कुणा चेतनाबाईंनी पानाखाली अभिप्राय लिहिला होता, 'आतल्या खोलीत जरा हळू चालतं. पण तसं आधीच सांगितलं होतं. आमच्याही एक काकू आहेत.'

सरमळकरांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. मग घसा खाकरून विकायला आलेल्या नव्या कॅमेऱ्याचं खोकं उत्तराच्या टेबलावर सरकवलं.

"यातही काकूंना कुठे बसवता येतं का बघा."