दाराखालची फट

वर्ध्याच्या दवाखान्यातल्या नर्स आनंदाबाईंना नवा सरकारी ब्लॉक मिळाला, तेव्हा चावी घेण्याआधी त्यांनी अख्खं घर पेशंटसारखं तपासलं. मग दोषांची खोलीवार यादी केली. प्रत्येक खोलीत आधी तातडीचं, ते तीन दिवसांत. मग मधलं, पंधरवड्यात. शेवटी किरकोळ, महिन्याभरात.

ओव्हरसियर देवगडे यादी घेऊन घरभर फिरले. स्वयंपाकघराचं गळकं छत तातडीचं, हे त्यांना पटलं. पण न्हाणीघराची कडीही तातडीत दिसल्यावर त्यांना हसू आलं. त्यांनी ती खोडून किरकोळमध्ये टाकली.

"बाई, कडीनं कोणी मरते का?"

"मरत नाई साहेब, पण आत अडकते ना माणूस."

"काऊन अडकन? हे पाहा," म्हणत यादी बाईंच्या हाती देऊन साहेब न्हाणीघरात शिरले आणि त्यांनी आतून कडी लावली.

मग बराच वेळ नुसती खडखड ऐकू आली. शेवटी पडेल आवाज आला, "बाई, सुताराले बोलवा."

"बोलावू ना. पण किरकोळ कामाले महिना हाये."

"तातडीत घ्या."

"तुमची सही लागन, साहेब."

दाराखाली चार बोटं फट राहिली होती. तीही यादीत होती, मधल्या कामांत. आनंदाबाईंनी तिच्यातून यादीचा कागद आणि पेन आत सरकवलं. सही होऊन कागद मुकाट्यानं बाहेर आला.

सुताराकडे निघण्याआधी त्यांनी यादीतली फटीची ओळ खोडून टाकली. घरात धड चालणारी तेवढी एकच गोष्ट होती.