देवीची पापणी लवली तेव्हा

माझी वहिनी पापण्या लववते. हाच तिचा धंदा. कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, यावर पोट भरतं का? भरतं बाबा. कार्टूनमधलं पात्र नुसतं टकमक बघत राहिलं तर मेल्यासारखं दिसतं. पापणी लवली की जिवंत. आमच्या स्टुडिओत उंदरापासून राजापर्यंत जो कुणी डोळे मिचकावतो, त्याला ती कला वहिनीने दिलेली. मी शेजारच्याच टेबलावर बसून चित्रांचे तुकडे जोडते, तेव्हा हे ऐकीव नाही. शिवाय नणंद आहे, त्यामुळे कौतुक करायची मला हौस नाही.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चित्रपटांत पापण्या लववल्यावर यंदा तिला स्वतःचा छोटा चित्रपट करायला मिळाला. आई आजारी असलेली एक मुलगी देवळात एकटी जाऊन देवीशी बोलते, एवढीच गोष्ट. देऊळ मात्र खरं, आमच्या गल्लीच्या टोकाचं. मूर्तीही तीच, जिला सगळे ओळखतात. ती दाखवायला देवळाची परवानगी हवी आणि त्या परवानगीशिवाय टीव्ही चॅनल चित्रपट घेणार नाही. परवानगी देवळाच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाईंच्या हातात. अट मात्र घातली देवळात पूजा करणाऱ्या गुरुजींनी. म्हणाले, "जशी आहे तशी दाखवा. बोलवू नका, हलवू नका, तिची बाहुली करू नका." वहिनीने शब्द दिला.

आणि मग तिने आमचं डोकं खाल्लं. मुलीच्या घरातल्या पायपुसण्यावर कुणीतरी शोभेसाठी स्वस्तिक काढलं होतं, ते पुसायला लावलं. देवळातल्या दृश्यात मुलीच्या पायात चपला राहिल्या होत्या, त्या पायरीवर काढायला लावल्या. एका ठिकाणी चौकटीच्या कडेने देवीचा मुकुट कापला जात होता. "डोकं कापल्यासारखं दिसतं," म्हणून कॅमेरा मागे नेला. एकदा मुलगी चुकीच्या बाजूने आत येत होती, म्हणून मी सगळं दृश्यच उलटं फिरवलं, आरशात दिसतं तसं. आम्ही नेहमी करतो. वहिनी किंचाळलीच. उजव्या हातातला त्रिशूळ डाव्या हातात गेला होता आणि भिंतीवरचा ॐ उलटा झाला होता. मी म्हटलं, "वहिनी, एवढं कोण बघतंय?" ती म्हणाली, "जिने बघायचं ती बघतेच आहे."

तर एवढं डोळ्यांत तेल घालून काम केलं, कच्ची प्रत देवळात पाठवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मी तीच प्रत सहज बघत होते. मुलगी हात जोडून उभी. समोर देवी. आणि देवीच्या पापण्या लवल्या.

माझा कप तसाच हातात राहिला. मागे नेऊन पुन्हा बघितलं. लवल्याच.

कारण सापडायला वेळ लागला नाही. आमच्या कॉम्प्युटरमध्ये दोन कप्पे आहेत: पात्रं आणि वस्तू. पात्रांच्या कप्प्यात जे जाईल त्याच्या डोळ्यांना वहिनीची पापणी आपोआप लागते, म्हणजे दर वेळी हाताने करायला नको. मूर्ती जायला हवी होती वस्तूंत, समई आणि घंटेच्या शेजारी. पण त्या कप्प्यात झाडू आणि बादल्याही आहेत. देवीला झाडूशेजारी कसं ठेवायचं, म्हणून वहिनीने स्वतःच्या हाताने, भक्तिभावाने, तिला पात्रांत ठेवलं होतं. झालं. करायला गेलो काय आणि झालं काय.

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, "हे बघ, क्षणभराचं आहे. गुपचूप दुरुस्त कर आणि नवी प्रत पाठव. झाकली मूठ सव्वा लाखाची." ती म्हणाली, "मी शब्द दिला होता, वन्सं." मला वन्सं म्हणाली की समजावं, आता ऐकणार नाही. हात दाखवून अवलक्षण करायचंच असेल तर एकटीने कशाला, म्हणून मीही निघाले.

देवळामागच्या खोलीत गुरुजी आणि अध्यक्षीणबाई बसले होते. टेबलावर बाईंचा टॅब उघडाच होता. बघितलंय, हे कळलंच. गुरुजी जमिनीकडे बघत होते.

पण बाईंचा चेहरा काही वेगळाच होता. त्यांचे यजमान जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांनी वहिनीचा हात धरला आणि म्हणाल्या, "रात्रभर तेवढंच बघत होते ग. देवीआईने माझ्याकडे बघून डोळे मिटले. ऐकलं म्हणाली. एवढं काढू नकोस. तेवढ्यासाठी परवानगी आहे असं समज."

मी मनात म्हटलं, सुटलो. चूक पचली, परवानगी मिळाली, घरी जाऊन जेवा. मी वहिनीला कोपरही मारलं.

वहिनी खाली बसली, बाईंच्या पायांशी. "काकू, ती पापणी देवीची नाही. माझी आहे."

"म्हणजे?"

"आरशासमोर बसून मी स्वतःच्या डोळ्यांवरून ती बनवली. स्टुडिओतल्या प्रत्येक पात्राला तीच लावते. उंदरालासुद्धा. माझ्या चुकीने इथे लागली. तुम्ही नमस्कार कराल देवीला आणि तो पोचेल माझ्या पापणीला. मला तो झेपायचा नाही."

बाईंनी हात काढून घेतला. गेली परवानगी, मला वाटलं, आणि वहिनीचा चित्रपटही गेला. मला तिचा इतका राग आला, आणि तिच्याबद्दल इतकं वाईट वाटलं, की रडूच येईल असं झालं.

तेवढ्यात गुरुजींनी मोठा सुस्कारा सोडला. "बाई, सकाळपासून मलाही हेच सांगायचं होतं, धीर होत नव्हता. देवांची पापणी लवत नाही. माणसाची लवते, तेवढा वेळ माणूस बघायचा थांबतो. देवी थांबत नाही."

बाईंनी टॅब बंद केला. मग वहिनीला म्हणाल्या, "मग त्या पोरीला कळणार कसं, तिचं ऐकलंय ते?" राग नव्हता आवाजात. खरंच विचारत होत्या.

वहिनी म्हणाली, "बघते काय करता येतं."

आम्ही स्टुडिओत आलो. मूर्ती वस्तूंच्या कप्प्यात गेली. वहिनीने तिथे देवघर नावाचा वेगळा कोपराच करून टाकला, झाडूपासून लांब. देवी दगडासारखी स्थिर केली. हलवली फक्त समईची वात. मुलगी बोलते तेव्हा वात फडफडते, ती गप्प झाली की वात सरळ होते आणि उजेड हळूहळू देवीच्या चेहऱ्यावर चढतो. पापणी लवते ती मुलीची, एकदाच.

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत बाईंनी ते बघितलं. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं. मी वहिनीकडे बघितलं नाही, माझ्याच्याने बघवेना.

बाईंनी डोळे पुसले. "काल डोळे मिटले होते तिने," त्या म्हणाल्या. "आज बघते आहे. राहू दे असंच."

माझा जीव भांड्यात पडला. वहिनी मात्र तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली. बाईंनीच तिला पाणी दिलं.