रस्त्यापल्याड उभं राहून बघा

“एक बारीक काम हाय, बेटा,” असा नानासाहेबांचा व्हॉइस मेसेज आला, की करुणाला कळायचं, काम वाढलं. शहागंजातल्या त्यांच्या साडीच्या दुकानाची वेबसाइट ती बनवत होती. पाच पानं ठरली होती, डिझाइनही त्यांनीच पसंत केलं होतं. मग बारीक कामं निघाली. आधी फोटो बदलले, मग लग्नाच्या बस्त्यासाठी वेगळं पान मागितलं. आज तर घरबसल्या साडी मागवून पैसे भरायची सोय हवी होती. मारुतीचं शेपूट परवडलं!

चूक तिचीही होतीच. दर वेळी ती “हो काका” म्हणून बसायची. नानासाहेब तिच्या वडिलांचं, पुंडलिक पेंटरचं जुनं गिऱ्हाईक. वडील गेल्यावर त्यांची नावानिशी आठवण काढणारं बाजारात हे एकच दुकान उरलं होतं. तेही तुटलं तर?

“सरळ लिही, जमणार नाय,” भाऊ बुद्धभूषण म्हणाला. बजाजनगरच्या घरातल्या पुढच्या खोलीत दोघं मिळून वेबसाइटची कामं करायचे. “हातातली ती शाळेची साइट यांच्यापायी रखडली ना.”

तिनं तसं लिहिलंही. वाचलं आणि पुसून टाकलं.

पुसताना तिला बाबा आठवले. सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्यासोबत जायची. ते आधी दुकानाच्या पाटीवर खडूनं अक्षरं काढायचे आणि गिऱ्हाइकाला रस्त्यापल्याड उभं करायचे. “तिथून वाचा, शेठ. आता काय बी सांगा, पुसतो. रंग लागला की मग नवी पाटी.” ‘हो’ आल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. टर्पेंटाइनच्या त्या वासासाठी करुणाचा जीव आजही तुटतो.

तिनं पुन्हा लिहायला घेतलं.

“काका, नमस्कार. तुम्ही एवढं मन लावून बघता, याचा आनंद आहे. ठरलेली पाचही पानं तयार आहेत, लिंक सोबत आहे. त्यात काही चुकलं असेल तर सांगा, लगेच दुरुस्त करते. बस्त्याचं पान आणि ऑनलाइन विक्री आपल्या ठरलेल्या कामात नव्हती. आधीच सांगायला हवं होतं, ते राहिलं. आता दोन मार्ग आहेत. ही साइट आत्ता सुरू करू आणि नव्या कामाचा खर्च-वेळ वेगळा ठरवू. किंवा सगळं एकत्र करू, पण मग खर्च आणि तारीख दोन्ही वाढतील. तुम्ही म्हणाल तसं. बाबा रस्त्यापल्याड उभं करायचे ना, तसं एकदा बघा.”

दिवसभर उत्तर आलं नाही.

संध्याकाळी नानासाहेबांकडून एक फोटो आला. हातातल्या मोबाइलवर वेबसाइट उघडलेली, आणि मागं रस्त्याच्या पलीकडं दुकान. दुकानावर बाबांनी रंगवलेली तीच जुनी पाटी, उन्हानं विटलेली.

खाली लिहिलं होतं, “पल्याड उभं राहून बघितलं. व्हय. लाव रंग. नव्या पाटीचं दिवाळीनंतर बोलू.”

करुणानं फोन भावापुढं सरकवला. आणि साइट सुरू करायला घेतली.