पाच ओळींची चौकट

साप चावल्यावर काय करावं, याचं पोस्टर इंग्रजीतून मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी हो म्हणायला नको होतं. पण शाळेतून निवृत्त होऊन आणि बायको जाऊन घर इतकं गप्प झालं होतं, की कुणी काही विचारलं याचंच अप्रूप वाटायचं. इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला. पाच ओळी म्हणजे हातचा मळ, असं वाटलं.

पाचाच्या नऊ ओळी झाल्या. जुन्नरच्या बाजारपेठेत माझ्या खोलीखालीच फ्लेक्सचं दुकान आहे. दुकानदाराने माझा मजकूर चौकटीत टाकून दाखवला, तर तो खालच्या चित्रावर सांडला होता. पोस्टर पुण्याहून तयार आलेलं. वर मथळा, खाली सापाचं चित्र, मधे ही चौकट. चित्र हलवायचं नाही आणि अक्षर बारीक करायचं नाही, ही अट, कारण दवाखान्याच्या बाकावरून ते वाचता आलं पाहिजे. ओळी जवळ घ्याव्यात, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसत होता. "सर, तुमची मराठी लई ऐसपैस बसती," दुकानदार म्हणाला. मला राग आला, पण त्याचं खरं होतं. 'विलंब न करता' काय, 'दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा' काय. पोरांच्या वहीत असं दिसलं असतं, तर मीच लाल रेघ ओढली असती.

दोन दिवस कात्री चालवली. 'स्थिर ठेवावा'चं 'हलवू नका' झालं. छेद, चूषण वगैरे भानगडींचं 'कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका' झालं. शेवटची ओळ तरीही बसेना: वेदना जाणवत नसल्या तरीही त्वरित सरकारी दवाखान्यात जावे. तिचा सुरुवातीचा अर्धा भाग मी काढला. 'लगेच जा' म्हटलं की सगळं आलं, असा हिशेब केला. पाच ओळी झाल्या. मी स्वतःवर खूश होतो, आणि ते सांगायला घरात कुणी नव्हतं म्हणून दुकानात जाऊन बसलो.

दुकानदाराची एक रीत आहे. छापण्याआधी नमुना भिंतीला लावायचा आणि येईल त्या गिऱ्हाइकाला समोरच्या ओट्यावरून तो वाचायला लावायचा. त्या सकाळी महाळुंगे पडवळच्या आशाताई गावासाठी पोस्टरं न्यायला आल्या होत्या. घरोघरी फिरून कोण आजारी, कोण बाळंतीण, हे बघणं त्यांचं काम. त्यांनी ओट्यावरून सगळं वाचलं आणि शेवटच्या ओळीवर थांबल्या.

"लगेच म्हंजी कवा, सर?" त्या म्हणाल्या. "दुखलं तर लोकं जात्यातच. मण्यार चावली तर दुखतच न्हाई. मग कशापायी जातील?"

बायको गेली तेव्हा आमचं बिऱ्हाड खोडदला होतं, उकाड्याने आम्ही जमिनीवर अंथरुणं टाकायचो. एका पहाटे बायकोने मला उठवलं. दंडाला काहीतरी चावलंय, म्हणाली. मी विचारलं, दुखतंय का? नाही म्हणाली. मग मुंगी असेल, पड जरा, असं म्हणून मी कूस बदलली. उजाडल्यावर तिच्या पापण्या वर उचलेनात. दवाखान्यात पोहोचलो, पण फार उशिरा.

आणि पोस्टरच्या त्या मजकुरातून, स्वतःच्या हाताने, मी नेमकं तेच छाटलं होतं. जास्तीचं म्हणून. मला स्वतःची शिसारी आली.

आशाताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या शांतपणे दुसऱ्या ओळी बघत होत्या. मी दुकानदाराच्या शेजारी खुर्ची ओढली आणि पहिली ओळच काढायला सांगितली. 'साप चावल्यास पुढील काळजी घ्या.' साप चित्रात होता, मथळ्यात होता, तिसऱ्यांदा कशाला? अंगठी-बांगड्या काढायचं 'हलवू नका'च्या ओळीत सरकवलं. तळाला एक ओळ मोकळी झाली. चित्र जे सांगू शकत नव्हतं, ते त्या ओळीत आलं.

आशाताईंना परत ओट्यावर पाठवलं. त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "आता आमच्या म्हातारीलाबी कळंल." छापून झाल्यावर पोस्टरांची गुंडाळी काखेत घेऊन त्या एसटीकडे गेल्या.

नमुना मी मागून घेतला. तो खोलीत, खाटेसमोरच्या भिंतीवर लावलाय. शेवटची ओळ पडल्या पडल्या दिसते: दुखत नसलं तरी जा.

चारच शब्द. त्या पहाटे कुणीतरी तिला एवढंच सांगायला हवं होतं, आणि घरात फक्त मी होतो.