चहाची पाळी आणि एक फासा

आमच्या मुलुंडच्या कॉलेजात संख्याशास्त्र विभागाच्या चहाची पाळी मी सुधारली, असं सांगून निरोप समारंभात मला शाल दिली. ती शाल टोचते. सुधारणा माझी नव्हती. माझा होता तो घोळ.

गोल टेबलाला आम्ही चौघं. माझ्यासमोर विभागप्रमुख मॅडम, डावीकडे नवी प्राध्यापिका, उजवीकडे तिच्यासमोर आमचे एकुलते एक अविवाहित सर. आज ज्याने चहा केला त्याने नाणं उडवायचं. छापा आला तर उद्या डावीकडचा, काटा आला तर उजवीकडचा. सुट्टी असली तर तिचंही नाणं आदल्या दिवशीच उडवायचं. रविवार तेवढा वगळलेला. नियम माझा, आणि त्याचा मला फार अभिमान.

सोमवार, बुधवार, शुक्रवारी एम.एस्सी.ला शिकवायला बाहेरचे लोक येत आणि चहाला गर्दी होई. नव्या प्राध्यापिकेचा तास चहानंतर लगेच. ती कप विसळून धावत वर्गात पोचायची आणि मॅडम उशिराबद्दल सुनवायच्या.

"सर, गर्दीच्या दिवशी नेहमी मी नाहीतर हे. तुम्ही आणि मॅडम कधीच कसे नाही?"

"अगं, कुठल्याही खुर्चीवरून कुठल्याही खुर्चीवर पोचता येतं ना? मग ही पाळ्यांची साखळी इर्रिड्युसिबल, कुठेही न तुटणारी. कुठल्याही दिवशी प्रत्येकाची शक्यता पाव व्हायलाच हवी. धीर धर."

"धीर धरून माझं लग्न राहिलं," अविवाहित सर म्हणाले.

एकूण चहा मोजले तर चौघांचे साधारण सारखेच भरत, म्हणून मी आणखी ताठ. शेवटी तिने फळ्यावर चार टिंबं काढली.

"तुमच्यापासून निघून परत तुमच्यापाशी यायला दोन पावलं, चार, सहा. विषम कधीच नाही. म्हणजे साखळीचा आवर्तनकाळ, पीरियड, दोन. आणि आठवड्यात कामाचे दिवस सहा, सम! आज तुम्ही गर्दीबाहेर असलात तर कायमचे बाहेर. लांबच्या काळात वाटणी समान होईल, पण सोमवारची शक्यता पावाकडे जाणार नाही, सर. ती तुमची शून्य आणि माझी अर्धी, अशीच राहील."

मी ते वीस वर्षं शिकवलं होतं! मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

तिने पर्समधून सापशिडीचा फासा काढला. दोन-तीन आलं तर डावीकडे, चार-पाच आलं तर उजवीकडे, एक किंवा सहा आलं तर उद्याही तोच. "जागेवरच राहायची मुभा दिली की पीरियड मोडतो. साखळी जोडलेली आहेच. आता खरंच पाव होईल."

त्या शनिवारी चहा माझा होता. फासा टाकला. सहा.

सोमवारी गर्दीसाठी पातेलं मी चढवलं. ती वेळेवर तासाला निघाली, दारात थांबून एक घोट घेतला.

"पावाकडे अभिसरण सुरू झालं, सर. साखर तेवढी विसरलात."

शाल आता तिला नेऊन देतो.