डोळ्यांखालचं काळं

खडेबाजारातल्या आमच्या स्टुडिओत फोटोच्या काचेवर, म्हणजे निगेटिव्हवर, पेन्सिल चालवून चेहरे नीट करायचं काम माझं. बेळगावात माझ्याइतकं सफाईनं ते कुणी करत नव्हतं, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. शिकवलं मात्र आप्पांनी, माझ्या वडिलांनी.

लढाईचे दिवस होते. बोरगावची एक बाई पलटणीत भरती झालेल्या मुलाला घेऊन आली. संध्याकाळच्या गाडीनं तो जाणार होता आणि त्याला सोबत आईचा फोटो हवा होता. झोपेविना तिच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं. फोटो काढून झाल्यावर तिनं मला हळूच बाजूला घेतलं.

"एवढं काळं काढ गं बाई. बघून त्याचा जीव तुटाय नको."

काचेवर सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचं काळं तिथं फिकं, आरपार दिसतं. त्यावर पेन्सिलीचं शिसं चढवलं की कागदावर ती जागा उजळते. मी हात पुढे केला, तर आप्पा म्हणाले, "एकच काच हाय. मी करतो." त्यांची नजर अधू झाली होती, पण सांगणार कोण? ती जागा गालाच्या रंगाला मिळाली असं वाटेपर्यंत ते शिसं भरत राहिले.

पहिली प्रत मुलानं हातात घेतली. डोळ्यांखाली चुना फासल्यासारखे दोन सपाट डाग.

"ही माझी आई न्हाय," तो म्हणाला.

आप्पांचा चेहरा पडला. मला त्यांची दया आली आणि रागही आला. मी काच उचलली.

"अगं, ओरखडा पडला तर?"

"पडणार न्हाय, आप्पा. तुम्हीच शिकवलंय."

टर्पेंटाइनच्या कापसानं सगळं शिसं पुसलं, पेन्सिलीचं शिसं धरावं म्हणून पुन्हा पातळ रोगण लावून वाळू दिलं. मग काच खिडकीजवळच्या तिरक्या मेजावर ठेवली, खालच्या आरशावरून उजेड तिच्यातून आरपार आला. कडक पेन्सिलीला सुईसारखं टोक केलं आणि हात हलका ठेवून, कातडीच्या वळणानं बारीक बारीक रेघा ओढल्या. पापणीखालच्या घडीला शिवलेही नाही. गालाची बरोबरी होण्याआधीच थांबले. थोडं काळं ठेवायचं असतं, नाहीतर डोळा चेहऱ्यावर चिकटवल्यासारखा दिसतो.

दुसरी प्रत धुऊन वाळली तेव्हा गाडीची वेळ होत आली होती. बाईनं फोटो पाहिला आणि पदरानं तोंड पुसलं. "बरी दिसतीया की मी," म्हणाली. आप्पांनी मेजावरची आपली पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. एवढा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

मुलगा मात्र फोटोकडे बघतच राहिला. मग त्यानं तो छातीशी, सदऱ्याच्या आत ठेवला आणि आईचा हात धरला.

"आई," तो म्हणाला, "मी गेल्यावर तरी झोप गं."