गो स्ट्रेट, टर्न लेफ्ट

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी कोपरगावात मी आठवीत होतो. इंग्रजीच्या मास्तरांनी फळ्यावर एक संवाद लिहून दिला होता. प्रवासी विचारतो, ‘एक्सक्यूज मी सर, विच इज द वे टू द रेल्वे स्टेशन?’ समोरचा सांगतो, ‘गो स्ट्रेट. टर्न लेफ्ट. इट इज नियर द पोस्ट ऑफिस.’ इन्स्पेक्शनला साहेबांपुढे हा म्हणून दाखवायचा होता. प्रवासी मी, वाट सांगणारा माझ्या बाकावरचा मित्र.

मित्र वस्तीवरून यायचा. मी प्रश्न विचारला की तो हमखास म्हणायचा, “व्हेअर यू कम? सिट. ड्रिंक वॉटर.” मास्तरांची छडी सटकन पायांवर बसायची.

“हे फळ्यावर आहे का रे?”

“न्हाई गुर्जी. पन पाव्हन्याला आदी पानी इचारत्यात. आन् ठेसन तर लई लांब हाय, टांगा लागतो.”

मग मास्तर पिसाळायचे. पोटऱ्यांवर वळ, पाठीवर वळ, एकदा तर त्याचं डोकं फळ्यावर आपटलं. मला त्या माणसाचा आजही संताप येतो. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी त्यांनी टेबलावरचा रूळ उचलून त्याला दाखवला आणि म्हणाले, “उद्या एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर हात मोडून ठेवीन.”

दुसऱ्या दिवशी मित्र एक शब्दही चुकला नाही. साहेब खूश झाले. मास्तरांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली, तेव्हा वळांमुळे तो कळवळला.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघं फाटकात उभे होतो. साहेब सकाळी एसटीने आले होते, जायचं होतं रेल्वेने. बॅग घेऊन ते एकटेच बाहेर आले आणि मित्राला पाहून हसत इंग्रजीत म्हणाले, “विच इज द वे टू द रेल्वे स्टेशन?”

परीक्षा अजून संपलेली नाही, असं मलाही वाटलं. मित्र ताठ उभा राहिला. “गो स्ट्रेट. टर्न लेफ्ट.”

साहेब सरळ गेले, डावीकडे वळले आणि गोदावरीच्या घाटावर पोचले. तिथून विचारत विचारत परत येईपर्यंत गाडी निघून गेली होती. रागाने लालबुंद होऊन ते शाळेत आले, फाटकात रेंगाळणाऱ्या आम्हा दोघांना आत नेलं आणि आमच्यासमोर मास्तरांना नाही नाही ते बोलले.

ते गेल्यावर मास्तरांनी मित्राचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि रूळ हाणला. पुन्हा हाणला.

“तुमीच तर शिकवलं, गुर्जी,” तो ओरडत होता. मी मास्तरांच्या मनगटाला कडकडून चावलो, तेव्हा कुठे त्यांनी हात सोडला. पण अंगठ्याशेजारच्या बोटाचं हाड मोडलं होतं.

ते बोट वाकडंच जुळलं. मित्राची वस्ती रस्त्याला लागून आहे, त्यामुळे वाट विचारणारे अजूनही थांबतात. तो आधी त्यांना पाणी देतो, मग हात लांब करतो. बोट भलतीकडेच वळलेलं असतं.

“बोटाकडं बगू नका,” तो म्हणतो. “मी सांगतो ते ऐका.”